माजघरातल्या नक्षीच्या फरशीवरून ट्रायपॉड काढताना: एका गोलाकार पॅनोरमाचं प्रकरण

साताऱ्याकडच्या एका जुन्या वाड्याचं दस्तऐवजीकरण चालू होतं. वास्तुकला शिकणारी एक विद्यार्थिनी खोलीखोलीचे ३६० अंशांचे पॅनोरमा घेत होती. ओसरी, देवघर, माडी हे सगळं नीट जुळलं. अडलं ते माजघरात. तिथली मूळची जमीन कधीतरी काढून नक्षीच्या सिमेंट फरश्या बसवलेल्या आहेत. २० सेंटिमीटरची चौरस फरशी, चार फरश्या मिळून एक पूर्ण फूल, आणि मधल्या दरजा जेमतेम दीड मिलिमीटरच्या. पॅनोरमात खाली पाहिलं की ट्रायपॉड गेलेला दिसायचा, पण त्याच्या जागी बसवलेला तुकडा डोळ्यांत खुपायचा. तिनं सगळ्या मूळ फाइली पाठवल्या आणि त्यातून हा अभ्यास झाला.

कॅमेरा एपीएस-सी सेन्सरचा, लेन्स ८ मिमीची फिशआय. कॅमेरा उभा धरून ६० अंशांच्या अंतरानं सहा फोटो आणि वरच्या तुळयांसाठी एक. या लेन्सची उभी व्याप्ती साधारण १४० अंश असते. म्हणजे क्षितिजापासून खाली ७० अंशांपर्यंत दिसतं आणि अगदी पायाखालचा सुमारे २० अंशांचा भाग सहाही फोटोंत येत नाही. लेन्स जमिनीपासून १५० सेंटिमीटरवर होती, त्यामुळे हा न दिसणारा गोल जमिनीवर अर्ध्या मीटरपेक्षा थोड्या जास्त त्रिज्येचा होतो. ट्रायपॉडचे पायही जवळपास तिथपर्यंतच पसरलेले असतात. हा भाग भरायला तिनं ट्रायपॉड उचलून बाजूला ठेवला आणि कॅमेरा हात लांब करून त्याच जागेवर खाली तोंड करून धरला. असे दोन फोटो तिच्याकडे होते, एक उत्तरेकडे उभं राहून घेतलेला आणि एक दक्षिणेकडून. दोन्हींत तिचे पाय आणि सावली आहेत, पण विरुद्ध बाजूंना. पुढे याचा फार उपयोग झाला.

हातात धरलेला कॅमेरा ट्रायपॉडवरच्या जागी तंतोतंत येत नाही, काही सेंटिमीटर इकडेतिकडे होतोच. एरवी लेन्सची जागा हलली की पॅरलॅक्स येतो, म्हणजे जवळच्या आणि लांबच्या वस्तू एकमेकींच्या तुलनेत सरकतात, आणि फोटो जुळत नाहीत. तरीही हा फोटो जुळवता येतो, कारण जमीन सपाट आहे. एकाच सपाट पृष्ठभागाचे दोन ठिकाणांहून घेतलेले फोटो ठरावीक भौमितिक रूपांतरानं एकमेकांवर अचूक बसवता येतात. मात्र हा नियम फक्त त्या पृष्ठभागाला लागू आहे. त्यावर उभी असलेली कुठलीही वस्तू, मग तो उंबरठा असो, पाट असो की खांबाखालचा तळखडा, या रूपांतरात बसत नाही. माजघरातल्या चुका समजायला एवढं पुरेसं आहे.

काम कुठे करायचं हेही महत्त्वाचं आहे. २:१ आकाराच्या पूर्ण पॅनोरमात सगळ्यात खालची ओळ म्हणजे प्रत्यक्षात एकच बिंदू असतो, १२००० पिक्सेल रुंद ताणलेला. तिथे ब्रशनं काही भरलं की फिरवून पाहताना भिंगरीसारखे पट्टे दिसतात. म्हणून तळाचा ९० अंशांचा चौकोनी चेहरा, म्हणजे सरळ खाली पाहणारं सपाट चित्र, वेगळा काढायचा, त्यावर काम करायचं आणि तो परत बसवायचा. पॅनोरमा जोडणाऱ्या हगिन या प्रोग्रॅमसोबत येणारा `nona` हे दोन ओळींच्या फाइलवरून करतो. `tal.pto` अशी:

```
p f0 w3820 h3820 v90 n"TIFF_m"
i w12000 h6000 f4 v360 r0 p90 y0 n"pano.tif"
```

आणि मग

```
nona -o tal tal.pto
```

३८२० हा आकडा १२००० ला पायनं भागून येतो. चेहरा एवढा मोठा घेतला की मधल्या भागातला तपशील मूळ पॅनोरमाइतकाच राहतो. पॅनोरमा नीट समतल असेल तर या चेहऱ्यात जमीन नकाशासारखी दिसते, म्हणजे मधे असो वा कडेला, सगळीकडे एकाच प्रमाणात. इथे ते प्रमाण एका मिलिमीटरला सुमारे १.२७ पिक्सेल. एक फरशी म्हणजे २५५ पिक्सेल, एक दरज म्हणजे जेमतेम दोन पिक्सेल. जोड दोन पिक्सेलनी सरकला की दरज आपल्या पूर्ण रुंदीनं तुटते आणि डोळा ते लगेच पकडतो. शहाबादी किंवा शेणानं सारवलेल्या जमिनीवर हीच चूक कुणाला दिसलीही नसती.

नंतर हगिनमध्ये एक वेगळा छोटा प्रकल्प करायचा. त्यात तळाचा चेहरा हा मूळ फोटो, साधा रेक्टिलिनियर म्हणजे सरळ रेषा सरळच ठेवणारा, ९० अंशांचा, जागेवर स्थिर. हातानं घेतलेला फोटो त्यावर बसवायचा. त्याच्यासाठी वळण, कल आणि फिरकी ही नेहमीची तीन मूल्यं, शिवाय लेन्स किती सरकली ते सांगणारी TrX, TrY आणि TrZ. ऑप्टिमायझेशनमध्ये `Custom parameters` घेऊन एवढ्या सहाच मूल्यांना मोकळं सोडायचं. लेन्सची व्याप्ती आणि विकृतीचे आकडे मुख्य प्रकल्पातून उतरवून घ्यायचे आणि गोठवायचे. मोजक्या कंट्रोल पॉइंटवर, म्हणजे दोन्ही फोटोंत एकच जागा दाखवणाऱ्या बिंदूंच्या जोड्यांवर, लेन्सही मोकळी सोडली तर ती बाकीच्या चुका आपल्या अंगावर घेते आणि जोड बिंदूंपाशी छान, इतरत्र वाकडा होतो.

विद्यार्थिनीनं पद्धत हीच वापरली होती. तिचं म्हणणं होतं, "सर, कंट्रोल पॉइंट सगळे नीट वाटतात. सरासरी एरर तीन पिक्सेलच्या आत आहे. मग रेषा का तुटतात?"

तिच्या तुकड्यात तीन वेगवेगळ्या गोष्टी खटकत होत्या. दक्षिणेकडे दरजा जुळत होत्या, पण एका फरशीवरची केसाएवढी भेग तुकड्याच्या कडेशी येऊन अचानक संपत होती. उत्तरेकडे दरजा तुकड्याबाहेर जाताना हळूहळू सरकत होत्या, जितकं लांब तितकं जास्त. आणि पूर्वेच्या खांबाच्या तळखड्याशी दगडाची कड दुहेरी दिसत होती.

भेगेपासून सुरुवात केली, कारण दरजा जुळूनही भेग तुटते याला एकच स्पष्टीकरण आहे. नक्षी दर ४० सेंटिमीटरला पुन्हा येते. आपोआप कंट्रोल पॉइंट शोधणाऱ्या प्रोग्रॅमला एका फुलाचा कोपरा आणि शेजारच्या फुलाचा कोपरा यांत फरक दिसत नाही. त्यानं एका फोटोतलं फूल दुसऱ्या फोटोतल्या शेजारच्या फुलाशी जोडलं, आणि सगळीकडे तसंच जोडलं. चूक सगळ्या बिंदूंत सारखीच असल्यामुळे ते एकमेकांशी भांडत नाहीत आणि एररचा आकडा लहानच राहतो.

याची खात्री TrX वरून होते, आणि हा आकडा फार कमी लोक वाचतात. या मांडणीत सरकण्याचं माप लेन्सच्या उंचीच्या पटीत असतं. इथे १ म्हणजे १५० सेंटिमीटर. तिच्या प्रकल्पात TrX ०.३५ होतं, म्हणजे कॅमेरा ट्रायपॉडच्या जागेपासून ५२ सेंटिमीटर सरकलेला. मी तिला विचारलं, "तू कॅमेरा कुठे धरला होतास?" ट्रायपॉडच्या मधल्या दांड्याखाली तिनं खडूची खूण केली होती आणि कॅमेरा त्या खुणेच्या वर धरला होता. अर्ध्या मीटरची चूक होणं शक्य नव्हतं. ५२ मधून नक्षीचे ४० वजा केले तर १२ उरतात आणि हातानं धरताना एवढं सरकणं पटण्यासारखं आहे.

उपाय म्हणून आपोआप आलेले सगळे बिंदू पुसले आणि हातानं नवे टाकले, पण नक्षीवर नाही. फरशीचा टवका, रंगाचा जुना थेंब, ती भेग आणि तिचे फाटे, एका कोपऱ्यातला तेलाचा डाग, असं जिथे पुन्हा तसंच दुसरं काही नाही तिथेच. तेही तुकड्याच्या चारी बाजूंना पसरून, मध्यापासून अर्धा ते एक मीटर अंतरावर. बिंदू एकाच बाजूला गोळा झाले तर कॅमेरा सरकला की कलला यातला फरक गणिताला कळत नाही, कारण छोट्या भागात दोन्हींचा परिणाम जवळजवळ सारखाच दिसतो. पसरलेले बिंदू असले की तो वेगळा करता येतो. नव्या बिंदूंनंतर TrX ०.०८ वर आलं. बारा सेंटिमीटर.

भेग जुळली. उत्तरेकडचं सरकणं बरंच कमी झालं, पण गेलं नाही. दरज अजून जवळपास स्वतःच्या रुंदीइतकी हलत होती.

मग चेहऱ्यावर फरश्या मोजल्या. समतल पॅनोरमात प्रत्येक फरशी २५५ पिक्सेल भरायला हवी. मध्यापासून मीटरभर उत्तरेला ती २६१ च्या आसपास होती आणि तेवढ्याच अंतरावर दक्षिणेला २४९. पॅनोरमा सुमारे एका अंशानं कललेला असला की हाच फरक पडतो. खोलीकडे नुसतं बघताना एक अंश कुणाच्या लक्षात येत नाही. पण सपाट पृष्ठभागाचं हे गणित जमीन नेमकी समोर, नजरेच्या काटकोनात आहे असं धरून चालतं. ती एक अंश तिरकी असेल तर प्रत्येक बिंदूला थोडी चूक लागते आणि कॅमेरा जितका जास्त सरकलेला तितकी ती वाढते. ५२ सेंटिमीटरच्या खोट्या सरकण्यात मीटरभरावर ती आठेक पिक्सेलपर्यंत जात होती, १२ सेंटिमीटरच्या खऱ्या सरकण्यात दोनच्या आत आली. म्हणून पहिली दुरुस्ती करताच दुसरी चूकही लहान झाली होती.

कल काढायला मुख्य प्रकल्पात परत जावं लागलं. तिनं समतल करताना एकाच खांबावर उभ्या रेषेचे बिंदू टाकले होते आणि तो खांब स्वतःच झुकलेला होता. शंभर वर्षांच्या लाकडाकडून ओळंब्याची अपेक्षा ठेवू नये. आम्ही चार वेगवेगळ्या दिशांच्या उभ्या कडा घेतल्या, त्यांत दोन दारांच्या चौकटी होत्या, आणि पॅनोरमा पुन्हा काढला. खांबांपेक्षा माझा विश्वास फरश्यांवर जास्त होता, त्यामुळे नवा चेहरा काढून चारी बाजूंच्या फरश्या परत मोजल्या. फरक एका पिक्सेलच्या आत आला तेव्हाच पुढे गेलो. माजघराची जमीन सपाट असल्यामुळे ही तपासणी चालते. चौकात, जिथे पाणी मोरीकडे जावं म्हणून जमिनीला ढाळ दिलेला असतो, तिथे फरश्या अशा मोजून पॅनोरमा समतल करायला गेलं तर खांब तिरके होतील.

तिसरी चूक तळखड्याची. सपाटपणाचा नियम इथे मोडतो आणि किती मोडतो ते मोजता येतं. कॅमेरा जेवढा सरकला त्याला वस्तूच्या उंचीनं गुणायचं आणि लेन्स त्या वस्तूच्या माथ्यापेक्षा जितकी वर आहे त्यानं भागायचं. तळखडा १५ सेंटिमीटर उंच, सरकणं १२, लेन्स माथ्यापासून १३५ वर. उत्तर १.३ सेंटिमीटर, म्हणजे चेहऱ्यावर १७ पिक्सेल. दगडाची वरची कड एवढी दुहेरी दिसणारच. आणि तिचे काही कंट्रोल पॉइंट नेमके त्या कडेवर होते, कारण उठावदार कड जुळवायला सोपी वाटते. ते बिंदू बाकीच्या खऱ्या बिंदूंनाही आपल्याकडे ओढत होते. उलट एखादी फरशी तीन मिलिमीटर वर आलेली असेल तर त्याच हिशोबानं चूक पाव मिलिमीटर येते आणि तिची काळजी करायचं कारण नाही.

तळखड्यावरचे बिंदू काढले आणि हातानं घेतलेल्या फोटोत तळखडा, भिंतीचा पाया, तिचे पाय, सगळं मास्क करून टाकलं. त्या फोटोतून फक्त जमीन वापरायची, बाकी सगळं सहा मुख्य फोटोंतूनच. आता सगळे बिंदू एका पिक्सेलच्या आत बसले.

भूमिती जुळल्यावर उरतो प्रकाश. माजघरात उजेड एकाच दारातून येत होता. मुख्य फोटो आयएसओ १००, एफ/८ आणि पाव सेकंदाचे, हातातले आयएसओ ८००, एफ/५.६ आणि साठांश सेकंदाचे. एक स्टॉप छिद्रातून आणि तीन आयएसओमधून, त्यामुळे उजेडाचा हिशोब बरोबर होता. पण वाढलेल्या आयएसओचा रवाळपणा तुकड्यात उतरला होता. गुळगुळीत फरशीवर असा तुकडा रंगानं जुळूनही वेगळ्या कापडाच्या ठिगळासारखा दिसतो. तो पूर्ण घासून काढला तर तुकडा मऊ होतो आणि दरजा पुसट दिसतात. आम्ही रवाळपणा निम्मा कमी केला आणि उरलेला तसाच ठेवला. दोन्ही फोटो रॉ होते, पांढऱ्याचा समतोल मुख्य फोटोंचाच लावला आणि उजेड तुकड्याबाहेरच्या कड्यावर तुलना करून जुळवला, मधल्या भागावर नाही, कारण तिथे ट्रायपॉडची सावली असते.

सावलीनं आणखी एक काम वाढवलं. ट्रायपॉडची मऊ सावली पायांच्या पलीकडे दाराच्या विरुद्ध दिशेला पसरली होती, म्हणून तुकडा त्या बाजूला थोडा मोठा घ्यावा लागला. तिच्या स्वतःच्या सावलीवर तोडगा होता तो दोन फोटोंचा. दोन्ही स्वतंत्रपणे चेहऱ्यावर बसवले आणि उत्तरेचा अर्धा भाग दक्षिणेकडून घेतलेल्या फोटोतून, दक्षिणेचा अर्धा उत्तरेकडून घेतलेल्यातून घेतला. तुकडा आणखी मोठा करायचा मोह मात्र आवरला. फरशीवर दाराच्या उजेडाची चमक होती आणि चमक ही जमिनीवरची गोष्ट नसते. ती जमिनीत उमटलेली दाराची प्रतिमा असते, जणू जमिनीखाली कुठेतरी खोलवर. कॅमेरा १२ सेंटिमीटर हलला की ती काही सेंटिमीटर सरकते आणि कुठल्याही कंट्रोल पॉइंटनं जुळत नाही. चमक जिथे होती तो सगळा भाग मुख्य फोटोंतूनच राहू दिला.

तुकड्याची कड कुठून जावी यावर माझं मत ठाम आहे. ती गोल किंवा अंडाकृती नको आणि शंभर पिक्सेलच्या धूसर संक्रमणाची तर मुळीच नको. कड दरजेवरून न्यावी. दरज आधीच गडद, बारीक रेषा आहे. तिच्या दोन बाजूंच्या फरश्यांचा रंग किंचित वेगळा असला तरी कुणाला नवल वाटत नाही, कारण प्रत्यक्षातही प्रत्येक फरशी थोडी वेगळी झिजलेली असते. आम्ही मास्क फरश्यांच्या पायऱ्या-पायऱ्यांनी कापला आणि कडेला फक्त दोन-तीन पिक्सेलची मऊ किनार ठेवली. रुंद धूसर किनार अर्ध्या पिक्सेलच्या चुकीलाही पुसट दुहेरी रेषेत बदलते.

तपासणीसाठी तुकड्याचा थर फोटोशॉप किंवा गिम्पमध्ये फरक दाखवणाऱ्या मोडवर ठेवला. जुळलेला भाग काळा होतो आणि सरकलेली दरज उजळ, बारीक जोडरेषेसारखी चमकते. डोळ्यांना साध्या चित्रात न दिसणारं अर्ध्या पिक्सेलचं सरकणंही इथे कळतं.

चेहरा परत नेताना कोन उलटा:

```
p f2 w12000 h6000 v360 n"TIFF_m"
i w3820 h3820 f0 v90 r0 p-90 y0 n"tal-saaf.tif"
```

यातून येतो तो पूर्ण आकाराचा थर, फक्त तळाचा भाग भरलेला. तो मूळ पॅनोरमावर ठेवून पुन्हा मास्क केला, म्हणजे फक्त बदललेल्या फरश्या नव्या थरातून आल्या. सगळा चेहरा परत टाकला असता तर चांगल्या भागाचंही विनाकारण दोनदा नमुनीकरण होऊन तो किंचित मऊ झाला असता. सगळं काम १६ बिट टिफमध्ये, जेपेग अगदी शेवटी. शेवटची नजर पॅनोरमा दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, सरळ खाली पाहत, हळू फिरवत. लांबट चित्रात पाहून जोडाबद्दल काहीच ठरवता येत नाही.

एक जागा अशी उरली जिथे यातलं काही चाललं नाही. ट्रायपॉडचा एक पाय तळखड्याला खेटून होता आणि दगडाचा काही भाग त्याच्यामागे लपला होता. सहाही मुख्य फोटोंत पाय तिथेच आणि हातातल्या फोटोतला दगड १७ पिक्सेल सरकलेला. तिथे शेजारच्या दगडाचा पोत क्लोन करून भरला. खडबडीत दगडावर तो कळत नाही. पण हे काम दस्तऐवजाचं आहे, म्हणून तो भाग कुठे आहे हे सोबतच्या नोंदीत लिहायला लावलं. फरशीवर मात्र क्लोन कुठेच वापरला नाही. ती भेग किती लांब आहे हे पुढे डागडुजी करणाऱ्याला याच चित्रावरून पाहायचं असेल, आणि क्लोननं भरलेली फरशी नेहमीच बिनभेगेची दिसते.

पुढच्या खोल्यांत तिनं ट्रायपॉड मांडतानाच त्याचे पाय तळखड्यांपासून आणि उंबरठ्यापासून लांब वळवले. हातातल्या फोटोसाठी कॅमेऱ्याच्या पट्ट्याला दोरा आणि वजन बांधून ते खडूच्या खुणेवर टेकवायला सुरुवात केली. त्यामुळे सरकणं बारावरून तीन-चार सेंटिमीटरवर आलं. तेवढ्यावर १५ सेंटिमीटरचा तळखडा चार ते सहा पिक्सेलच हलतो आणि मास्कची कड दगडापासून एक फरशी लांब ठेवली की काम भागतं.